फोर ऑफ पेंटॅकल्स: मूठ पैशावर की माणसावर?

टॅरोच्या लव्ह रीडिंगमध्ये जोडीदाराच्या जागी हे कार्ड आलं की मालकी हक्क म्हणायचं की चिक्कूपणा, इथे गाडी अडते.

१. आधी शेजारची कार्डं बघा. कप्स किंवा डेव्हिल असेल तर पकड माणसावर: फोन तपासणं, मैत्रिणींकडे जाऊ न देणं. पेंटॅकल्सच असतील तर पैशावर.

२. तरी उलगडा झाला नाही तर एकच कार्ड वर काढा. फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स आलं तर हात आखडता आहे तो टंचाईच्या भीतीने. तिथे ‘कंजूष’ म्हणू नका. सिक्स ऑफ पेंटॅकल्स उलटं आलं तर खर्चाचा हिशोब मागून धाक ठेवणं, म्हणजे दोन्ही एकत्र.

कार्ड विचारणाऱ्याच्याच जागी असेल तर मात्र मूठ विचारणाऱ्याची आहे, जोडीदाराची नाही.