‘ईदगाह’वरचा ड्राफ्ट परत लिहायला बसण्याआधी

भाचा जळगावला बीएला आहे, त्याला एका कथेवर लिहायचं होतं, त्यानं प्रेमचंदांची १९३३ ची ‘ईदगाह’ घेतली, म्हणजे ईदच्या मेळ्यात खेळण्याऐवजी भाकरी करताना आजीचे हात भाजू नयेत म्हणून चिमटा घेणाऱ्या पोराची गोष्ट, आणि सुट्टीत चोपड्याला आला तेव्हा चार पानं माझ्या हातात दिली. सुरुवात सारंगखेड्याच्या जत्रेपासून, मग हामिद, मग आजी अमीना, मग मेळा, मग चिमटा, मग आजीचे अश्रू, आणि शेवटी ‘अशी ही हृदयस्पर्शी कथा’. कष्ट घेतले होते पोरानं, पण ज्यानं कथा वाचलीय त्याला यातून नवीन काहीच मिळत नव्हतं. तर परत लिहायला बसण्याआधी आम्ही जे जे तयार केलं ते सांगते.

आधी ड्राफ्टची प्रिंट आणि दोन पेनं. कथेत काय घडलं हे सांगणाऱ्या वाक्याखाली निळी रेघ, आपण स्वतः काही म्हणतोय त्याखाली लाल. त्याच्या चार पानांत लाल रेघा तीन आल्या आणि त्या तिन्ही ‘हृदयस्पर्शी’, ‘सुंदर’ अशाच शब्दांखाली होत्या, म्हणजे त्याही खऱ्या लाल नव्हत्याच. दुसरी खूण म्हणजे पॅरेग्राफची पहिली वाक्यं नुसती वाचायची, ती ‘मग’, ‘त्यानंतर’, ‘दुसरीकडे’ अशी सुरू होत असतील तर गाडी कथेच्याच रुळावर चाललीय असं समजायचं.

मग कथा परत वाचायची, पण या वेळी कुठे खटकतं तेवढंच बघायचं. मी त्याला विचारलं, अरे शेवटी लेखक काय म्हणतो बघ ना, लहान हामिदनं म्हाताऱ्या हामिदची भूमिका केली आणि म्हातारी अमीना लहान मुलगी झाली, तर मग चार-पाच वर्षांच्या पोराला म्हातारं म्हणणं ही चांगली गोष्ट आहे का? तो बराच वेळ गप्प बसला. त्यातून त्याचा दावा निघाला: ही कथा त्यागाचं कौतुक करत नाही, गरिबीनं हामिदचं बालपण संपवलंय हे ती दाखवते.

दावा एका वाक्यात हवा आणि कथा वाचलेला माणूस त्यावर ‘नाही हो, मला नाही पटत’ म्हणू शकला पाहिजे. ‘हामिदचं आजीवर प्रेम आहे’ याला कोण नाही म्हणेल? म्हणून तो दावाच नाही.

आता खरं काम पुराव्याचं, इथे घाई अजिबात नको. कागदाच्या मध्ये उभी रेघ मारायची, डावीकडे कथेतली जागा, उजवीकडे ‘यावरून काय दिसतं’. बाजूने जाणाऱ्या जागा भाच्याला पटकन सापडल्या: खिशात तीनच पैसे, मिठाई-खेळणी बघून मन ओढतं पण मातीची खेळणी फुटतील असं तो स्वतःलाच समजावतो, दुकानदार सहा पैसे सांगतो, मग पाचवर येतो आणि हा तीनला मागतो, म्हणजे घासाघीससुद्धा मोठ्या माणसासारखी. पण आपल्या विरुद्ध जाणारी जागाही शोधायचीच, आणि ती इथे आहे. चिमटा घेतल्यावर हामिद तो बंदुकीसारखा खांद्यावर टाकतो, ऐटीत मित्रांकडे येतो, त्यांच्या शिपाई-भिश्तीशी चिमट्याची लढाई लावतो आणि जिंकतोसुद्धा, मित्र आपली खेळणी देऊन चिमटा हातात मागतात. मग बालपण संपलं कुठे?

भाचा म्हणाला, ‘मावशी, हे राहू दे, सर विचारणार नाहीत.’ नाही, हेच ठेवायचं. जी जागा अडवते तीच दावा दुरुस्त करते, आमचाही तिथेच बदलला.

त्यानंतरचं सोपं आहे. कथानक तीन वाक्यांत बसवायचं. पॅरेग्राफ मेळ्याच्या क्रमानं न लावता दाव्याच्या क्रमानं लावायचे, त्यानं शेवटचा प्रसंग सगळ्यात आधी घेतला आणि घासाघीस नंतर आणली, कारण ‘म्हातारा’ हा शब्द एकदा समोर ठेवला की मागचं सगळं त्या नजरेनं वाचता येतं. कथेतली प्रत्येक जागा आली की तिच्यामागे निदान दोन लाल वाक्यं हवीत, नसतील तर ती जागा कितीही आवडती असो, काढायची. सारंगखेड्याची जत्रा गेली, त्याला वाईट वाटलं, मलाही वाटलं, घोड्यांचं वर्णन छान होतं पण दाव्याशी त्याचं नातं नव्हतं.

नव्या ड्राफ्टचं पहिलं वाक्य आता असं आहे: ‘हामिदकडे खेळण्यासाठी आणि आजीसाठी वेगवेगळे पैसे नाहीत, म्हणून त्याला एकाच चिमट्यात दोन्ही शोधावं लागतं, आणि आजी रडते ती हे कळल्यामुळे.’