डीमॅटमध्ये अचानक नवी कंपनी दिसली तर

निपाणीच्या आमच्या काकांकडे आयटीसीचे १०० शेअर आहेत. मागच्या वर्षी त्यांच्या डीमॅट खात्यात आयटीसी हॉटेल्सचे १० शेअर न घेताच आले आणि ते बोनस समजून बसले. तो बोनस नव्हता, ते डीमर्जर होतं. १ जानेवारी २०२५ पासून हॉटेलचा धंदा वेगळ्या कंपनीत गेला आणि दर १० शेअरमागे नव्या कंपनीचा १ शेअर मिळाला.

म्हणून जुनी खरेदी किंमतही वाटून घ्यावी लागते. कंपनीने जाहीर केलेलं प्रमाण ८६.४९ आणि १३.५१ टक्के. काकांनी शेअर ३०० रुपयांनी घेतले असतील, तर ३०,००० पैकी ४,०५३ रुपये हॉटेल्सच्या वाट्याला, म्हणजे शेअरमागे ४०५.३०. ॲपवर ही किंमत शून्य दिसत असेल तर विकताना नफा खोटा फुगतो. खरेदीची तारीख मात्र मूळ आयटीसीचीच धरतात.

नव्या कंपनीची नोंदणी २०२३ ची, त्यामुळे तिच्या नावाने शोधलं तर मागचं फारसं काही सापडत नाही. पण हॉटेलांचा धंदा १९७५ पासूनचा. त्याचा नफा-तोटा आयटीसीच्या जुन्या वार्षिक अहवालांत, ‘सेगमेंट’ तक्त्यातल्या हॉटेल्सच्या ओळीत मिळतो. कुठली मालमत्ता आणि कर्ज कुणाकडे गेलं, हे डीमर्जरच्या योजनेत लिहिलेलं असतं. ती बीएसईच्या साइटवर मूळ कंपनीच्या घोषणांमध्ये शोधा.