पटकथेत कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच लिहा

निवड करणारा माणूस शॉर्टफिल्मची पटकथा आधी नुसती नजरेखालून घालतो. दहा ओळींचा ठोकळा दिसला की थेट संवादांवर उडी, आणि गोष्ट मागेच राहते. म्हणून कृतीचा परिच्छेद तीन-चार ओळींतच संपवा.

समजा दृश्याचं शीर्षक आहे ‘आतील – जिना – रात्र’. खाली ‘मीराला आईशी भांडल्याचा पश्चात्ताप होतो’ असं लिहिलंत, तर पडद्यावर काय दिसणार? त्याऐवजी:

मीरा पायरीवर बसते. फोनवर ‘आई – ७ मिस्ड कॉल’. ती फोन पालथा ठेवते.

लगेच मधोमध पात्राचं नाव, त्याखाली संवाद. ‘(रागाने)’ वगैरे कंस शक्यतो नकोच. मीराच्या मनातलं पालथ्या फोननं सांगितलंय.