ऑफिस बदलताय? भाडं बघू नका, लॉक-इनची टोटल काढा

जालना रोड का सिडको असं चालू असतं आणि सगळे फक्त महिन्याचं भाडं बघतात, तिथंच घोळ होतो. लॉक-इन म्हणजे ज्या काळात करार मधेच मोडता येत नाही तो काळ, खरा हिशोब त्याचा.

१) अॅग्रीमेंटच्या पीडीएफमध्ये `escalat`, `lock`, `deposit` असे अर्धे शब्द शोधा. भाडेवाढ कधीकधी `increase` किंवा `enhance` नावाखाली लपलेली असते. स्कॅन कॉपीत सर्च चालत नाही, तिथं शेवटी जोडलेलं शेड्यूल आधी वाचा, आकडे बहुतेक तिथंच असतात.

२) लॉक-इनचे सगळे महिने धरून भाडं जोडा. समजा दोन्हीकडं ३ वर्षं लॉक-इन. पहिलं ४०,००० भाडं, दरवर्षी ५% वाढ, टोटल १५,१३,२०० होते. दुसरं ३८,००० पण वाढ १०%, टोटल १५,०९,३६०. म्हणजे महिन्याला २,००० स्वस्त वाटणारं ऑफिस ३ वर्षांत ४ हजार पण वाचवत नाही.

३) आता डिपॉझिट. पहिल्याचं ३ महिन्यांचं १,२०,०००, दुसऱ्याचं १० महिन्यांचं ३,८०,०००. जास्तीचे २,६०,००० बिनव्याजी अडकले, ७% धरलं तरी वर्षाला १८,२०० गेले, मग दुसरंच महाग पडलं की राव.

एक नक्की बघा, लॉक-इन दोघांना आहे का फक्त भाडेकरूला. एकतर्फी असलं तर मालक नोटीस देऊन उठवू शकतो, आणि तुम्ही मधेच निघालात तर उरलेल्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून कापून घेतो, म्हणून `terminat` पण शोधाच.