ओटीपीवर मर्यादा घालताना या चुका टाळा

साइन-अपच्या पानावर ‘एका नंबरला तासाला ५ ओटीपी’ एवढे लिहिले की काम झाले, असे समजणारे बरेच जण भेटतात. ती मर्यादा नेमके काय मोजते आहे, हे मात्र फारसे कोणी तपासत नाही.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे वापरकर्त्याने टाइप केलेला नंबर जसाच्या तसा मोजणीसाठी वापरणे. एका कंपनीच्या पानावरून एकाच व्यक्तीला रात्रभर ओटीपी जात राहिले आणि मर्यादा चालू असूनही ती एकदाही आड आली नाही. लॉग पाहिला, तेव्हा तोच नंबर कधी नुसता दहा अंकी, कधी आधी ० लावून, कधी +91 लावून, तर कधी अंकांमध्ये निरनिराळ्या ठिकाणी स्पेस देऊन आलेला होता. गेटवे दर वेळी तो साफ करून त्याच फोनवर संदेश पोहोचवत होता, पण मोजणीच्या लेखी ते सगळे वेगळे नंबर होते आणि प्रत्येकाला नवे ५ संदेश मिळत होते.

म्हणून मी आधी अंक सोडून बाकी सर्व काढतो, अकरा अंकी असेल तर सुरुवातीचा ० आणि बारा अंकी असेल तरच सुरुवातीचे ९१ काढतो, कारण ९१ने सुरू होणारे दहा अंकी नंबरही खरे असतात. पायथनमध्ये `\d` देवनागरी अंकही स्वीकारतो, त्यामुळे तेथे `[0-9]` लिहावे. गेटवेलाही हाच साफ केलेला नंबर द्यावा.

दुसरी चूक रेडिसमधली. `INCR` केल्यावर वेगळ्या कॉलने `EXPIRE` लावला आणि मध्येच प्रोसेस बंद पडली, तर मोजणीला मुदतच राहत नाही आणि तो ग्राहक कायमचा अडकतो. ‘मला ओटीपी कधीच येत नाही’ अशी तक्रार आली की मी आधी `TTL` पाहतो. उत्तर -1 आले, तर दोष हाच.

```
MULTI
INCR otp:9XXXXXXXXX
EXPIRE otp:9XXXXXXXXX 3600 NX
EXEC
```

येथील `NX` रेडिस ७पासून मिळतो. त्यामुळे आधी लावलेली मुदत पुढे सरकत नाही. ही मोजणी संदेश पाठवण्याआधीच करावी, नंतर केल्यास एकाच क्षणी आलेल्या अनेक विनंत्या निसटतात.

केवळ ब्राउझरमधला ३० सेकंदांचा टायमर ही मर्यादा नव्हे. सर्व्हरला थेट विनंती पाठवणाऱ्याला तो दिसतही नाही.

आणि एवढे करूनही बिल फुगू शकते, कारण पैशांसाठी गैरवापर करणारे दर वेळी नवा नंबर वापरतात. त्यासाठी ज्या देशांत ग्राहक नाहीत, त्या देशांचे कोड बंद ठेवावेत आणि संपूर्ण पानासाठी ताशी कमाल संख्या ठरवावी. केवळ आयपीवर विसंबू नये, कारण मोबाइल नेटवर्कवर असंख्य ग्राहक एकाच आयपीमागे असतात. मी पाठवलेल्या ओटीपींपैकी किती प्रत्यक्ष भरले गेले, हे प्रमाण देशाच्या कोडनुसार पाहतो. एखाद्या कोडचे प्रमाण अचानक शून्याकडे झुकले, तर बिलाची वाट न पाहता तो कोड त्याच वेळी बंद करतो.