'-ऊन'चा मोह आवरा: इटालियन वाक्यं मराठीत आणताना या चुका टाळा

इटालियन लेखकाला सुटसुटीत क्रियापद सोडून धातुसाधितानं वाक्य सुरू करायला फार आवडतं. 'फिनीता ला चेना', म्हणजे जेवण संपल्यावर. 'आवेन्दो कापीतो', म्हणजे समजल्यामुळे. नवे अनुवादक असं काही दिसलं रे दिसलं की '-ऊन' लावून मोकळे होतात. तपासायला येणाऱ्या जवळपास प्रत्येक हस्तलिखितात मला हे सापडतं आणि प्रत्येक वेळी तितकाच त्रास होतो.

मुसोलिनीच्या काळातल्या एका कादंबरीचा अनुवाद माझ्याकडे आला होता. 1926च्या कायद्यांनंतर बरेच फॅसिस्टविरोधक देश सोडून फ्रान्सला गेले, ती पार्श्वभूमी. मूळ वाक्य होतं: 'आरेस्तातो इल पाद्रे, इल फील्यो फुज्जी इन फ्रान्चा.' अनुवाद होता: 'वडिलांना अटक करून मुलगा फ्रान्सला पळाला.' मुलगाच पोलीस झाला! पुढची वीस-पंचवीस पानं वाचक या मुलाला गद्दार समजत राहिला असता.

इथे नेमकं काय बिघडलं? मराठीत '-ऊन' लावलं की दोन्ही क्रिया एकाच कर्त्याच्या होतात. 'हात धुऊन जेवला', यात धुणारा आणि जेवणारा एकच. इटालियनमध्ये 'आरेस्तातो'चा शेवटचा 'ओ' 'पाद्रे'शी जुळतो, कारण ते पुल्लिंगी एकवचन आहे. अटक कुणाला झाली, एवढंच तो स्वर सांगतो. अटक कुणी केली, हे वाक्यात नाहीच. सकर्मक क्रियापद असेल तर बहुतेकदा मुख्य वाक्याचा कर्ताच ते काम करतो, पण नेहमीच नाही. ते संदर्भावरूनच ठरवावं लागतं.

मी अशा जागी थांबते आणि कागदाच्या कडेला प्रत्येक क्रियेपुढे 'कोण?' असं लिहिते. दोन उत्तरं वेगळी आली की वाक्य तोडते: 'वडिलांना पकडून नेलं. मुलगा फ्रान्सला पळाला.' पकडणारे अनामिक राहिले, मूळ वाक्यातही ते तसेच आहेत. 'पोलिसांनी' हा शब्द पदरचा घालायची गरज नाही. 'अटक झाल्यानंतर' लिहिलं तर चूक नाही, पण दोन छोट्या वाक्यांतला झटका त्यात उरत नाही.

दुसरी चूक वाक्याच्या शेपटाशी होते. 'इल पोन्ते क्रोल्लो, उच्चिदेन्दो दुए ओपेराई.' याचं 'दोन मजुरांना मारून पूल कोसळला' झालेलं मी पाहिलं आहे. '-ऊन'नं क्रम उलटा केला: आधी मरण, मग कोसळणं. स्वल्पविरामानंतर आलेला जेरुंदिओ, म्हणजे 'उच्चिदेन्दो'सारखं '-न्दो'नं संपणारं धातुसाधित, पुष्कळदा परिणाम सांगतो. म्हणून: 'पूल कोसळला. दोन मजूर त्याखाली सापडून मेले.' स्वल्पविराम नसेल तर तो बहुधा रीत सांगतो. 'उशी स्बात्तेन्दो ला पोर्ता' म्हणजे 'दार आपटत बाहेर पडला', आणि तिथे वाक्य तोडायचं कारण नाही.

आता एक लांब वाक्य घेऊ. 'मोर्ता ला माद्रे ए वेन्दुता ला कासा, जूलिया, नोन आवेन्दो प्यू नेस्सूनो इन पाएसे, पार्ती पेर तोरीनो, लाशान्दो ले क्यावी आल विचीनो.' घाईतला अनुवाद असा होतो: 'आई मेल्यावर आणि घर विकल्यावर जूलिया, गावात कुणीही नसल्यामुळे, शेजाऱ्याला किल्ल्या देत तोरीनोला गेली.' '-वर', '-वर', '-मुळे', '-त'. शेवटच्या क्रियापदापर्यंत वाचकाचा श्वास कोंडतो.

मी असं करीन: 'जूलियाची आई गेली. घर विकून झालं. आता गावात तिचं असं कुणी उरलं नव्हतं. शेजाऱ्याकडे किल्ल्या देऊन ती तोरीनोला निघाली.' जूलियाचं नाव मी पुढे ओढलं, नाहीतर 'आई कुणाची?' हे वाचकाला उशिरा कळतं. 'विकून झालं'मध्ये विकणारा मोघम राहिला, इटालियनमध्येही तो तसाच आहे. 'म्हणून' लिहिलं नाही, कारण कारण सांगणारं वाक्य निघण्याच्या आधी ठेवलं की संबंध आपोआप लागतो. 'देऊन' मात्र ठेवलं: देणारी आणि निघणारी तीच, आणि देणं आधी घडलं आहे.

बाकीचं थोडक्यात. 'पूर' आधी असेल तर अर्थ उलटतो: 'पूर सापेन्दो' म्हणजे 'माहीत असूनही', 'माहीत असल्यामुळे' नव्हे. 'वोलेन्दो'मध्ये अट असते: 'हवं असेल तर'. 'स्ता मान्जान्दो' हे वेगळं उपवाक्यच नाही, तो साधा 'जेवतोय' आहे.

'सगळ्या जेरुंदिओंना -ताना लावा' असा तक्ता काही शिकवण्यांत देतात. तो मला मुळीच पटत नाही. '-ताना'मुळे पूल कोसळणं हे कारण आहे हेही दिसत नाही आणि मजुरांचं मरण हा परिणाम आहे हेही. तक्ता बाजूला ठेवून आधी वाक्यातल्या घटना घडल्या त्या क्रमानं कागदावर उतरवा, मग मूळ वाक्याकडे परत जा आणि त्यातली कुठली घटना लेखकानं मुद्दाम मागे ठेवली आहे ते पाहा.