टीमच्या स्लाइडवर नाव घालण्याआधी

गोव्यातल्या फोंड्यात मी कंपनी सेक्रेटरीचं काम करते. माझी भाची आणि तिचा कॉलेजातला मित्र ट्रॉलरवरून हॉटेलपर्यंत जाणाऱ्या मासळीच्या पेटीत बसवायचं तापमान नोंदवणारं यंत्र बनवतात. मुंबईच्या गुंतवणूकदारांसमोर मांडायचं सादरीकरण, म्हणजे डेक, घेऊन ती माझ्याकडे आली, तेव्हा बाकीच्या स्लाइड्स तयार होत्या. टीमच्या स्लाइडवर मात्र दोन हसरे फोटो होते आणि त्यांच्याखाली ‘ध्येयवेड्या’, ‘दूरदृष्टीचा’ असे शब्द. त्या एका स्लाइडवर आम्ही चार संध्याकाळी बसलो. तेव्हा जे जे तपासलं ते त्याच क्रमाने लिहिते, कारण क्रम चुकला की काम दोनदा करावं लागतं.

आधी बायो, म्हणजे फोटोखालचा परिचय, बाजूला ठेवा आणि धंदा कुठे बुडू शकतो ते कागदावर लिहा. आमच्या कागदावर चार प्रश्न आले. ट्रॉलरमालक यांना बोटीवर पाय ठेवू देतील का? मासळी कधी आणि का बिघडते हे दोघांपैकी कोणाला कळतं का? खाऱ्या हवेत यंत्र टिकेल का? आणि हॉटेलांना ते विकणार कोण? बायोतल्या प्रत्येक ओळीने यातल्या एका प्रश्नाला उत्तर द्यायला हवं. ज्या ओळीला यातला एकही प्रश्न सापडत नाही ती कितीही अभिमानाची असली तरी काढायची. भाचीचं राज्यस्तरीय वक्तृत्वाचं बक्षीस असं गेलं. तिला वाईट वाटलं, मलाही वाटलं, कारण त्या स्पर्धेला मीच तिला घेऊन गेले होते.

मग प्रत्येक दाव्यामागचा मूळ आकडा काढून बघा. भाचीने सहा वर्षं कुंकळ्ळीच्या एका मासळी निर्यात कारखान्यात गुणवत्ता विभागात काढली आहेत. तिने लिहिलं होतं, ‘परत येणाऱ्या खेपा ४० टक्क्यांनी कमी केल्या.’ मी विचारलं, ‘‘किती होत्या गं?’’ ती म्हणाली, ‘‘मावशी, आधीच्या वर्षी पाच, नंतर तीन.’’ म्हणजे फरक दोन खेपांचा. त्याच वर्षी कारखान्यात नवा ब्लास्ट फ्रीझर आला होता आणि विभागात चौघं होती. टक्केवारी खोटी नव्हती, पण गुंतवणूकदाराने जुन्या साहेबांना फोन केला असता तर ते फ्रीझरचंच नाव आधी घेणार. ‘मग पाचावरून तीन असं लिहू का?’ हा तिचा पुढचा प्रश्न. तेही नको. परत आलेल्या खेपांची संख्या ही कारखान्याची आतली माहिती. नोकरी सोडताना तिने गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली. जी मुलगी जुन्या मालकाचे आकडे बाहेर सांगते ती आपलेही सांगेल, हे समोरच्याच्या मनात येतंच. शेवटी उरलं ते तिच्या हातचं काम: मासळी कारखान्यात उतरताना तापमान घेणं, बर्फाचं प्रमाण बघणं आणि खेप घ्यायची की नाकारायची हे ठरवून सही करणं. निकालाचा आकडा नाही, पण नाकारण्याची सही तिची होती. यंत्र जे काम करणार तेच काम तिने सहा वर्षं हाताने केलं, हे त्यात दिसतं.

यानंतर नोकरीच्या तारखा आणि मालकाचं नाव कागदाशी जुळवा. मित्र फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला इलेक्ट्रॉनिक्सचा. त्याने वेर्ण्याच्या एका मोठ्या कंपनीचा लोगो लावला होता. काम त्याने तिथेच केलं, सेन्सर तपासणीच्या विभागात, पण पगार मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून यायचा. पीएफच्या नोंदीत ज्याने पैसे भरले त्याचं नाव असतं, आणि पार्श्वभूमी तपासणारे तीच नोंद मागतात. नाव जुळलं नाही की खरं कामही संशयात येतं. म्हणून ‘ठेकेदारामार्फत’ हा शब्द स्लाइडवरच घातला. लोगो काढला, कारण डेकमधला लोगो बघणाऱ्याला ग्राहकाचा वाटतो. पीएफच्या यूएएन क्रमांकाने उघडणाऱ्या पोर्टलवरचा सेवेचा इतिहास आणि रिलीव्हिंग लेटर एका फोल्डरमध्ये काढून ठेवा. तीन महिन्यांचा फरक आपल्याला आठवत नाही, तिथे छापलेला असतो.

पुढची गोष्ट माझ्या धंद्यातली, आणि तरुण मुलं ती हमखास विसरतात. पूर्वी कोणत्या कंपनीत संचालक होता का, हे प्रत्येकाला विचारा आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या, पोर्टलवर त्याच्या डीआयएनची, म्हणजे संचालक ओळख क्रमांकाची, स्थिती बघा. मित्राने कॉलेजातून बाहेर पडल्यावर दोस्तांबरोबर एक प्रायव्हेट लिमिटेड काढली होती. ती चालली नाही, आणि बंद करायचं कोणाला सुचलं नाही. दोन वर्षांचे ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्रं भरायची राहिली होती. सलग तीन आर्थिक वर्षं ती भरली नाहीत तर कंपनी कायद्याच्या कलम १६४(२) खाली संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. आपण तिसऱ्याच्या उंबरठ्यावर होतो. उशिराचं शुल्क प्रत्येक फॉर्मला दिवसाला शंभर रुपये, आणि फॉर्म चार. रक्कम बघून तो गप्पच झाला. पण भरलं, आणि मग बायोत एक साधी ओळ आली: याआधी एक कंपनी काढली, ती ग्राहक न मिळाल्याने थांबवली. बंद पडलेली कंपनी लपवण्यासारखी नसते, न भरलेली विवरणपत्रं असतात.

मित्र अजून नोकरीत आहे, हेही लिहायचं. कधी सोडणार त्याची तारीख द्यायची. सर्किट त्याने ऑफिसच्या लॅपटॉपवर काढलं असेल तर मालकी हक्काचा प्रश्न उभा राहतो. त्याच्याकडे घरचा संगणक होता, एवढं विचारून आम्ही पुढे गेलो.

सल्लागाराची जागा शेवटी. भाचीचे काका कुटबण जेटीवर ट्रॉलर चालवतात, आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर तेच आहेत. तिने त्यांना न विचारता ‘धोरणात्मक सल्लागार’ म्हणून टाकलं होतं. मी तिला जेटीवर पाठवलं. ते म्हणाले, ‘‘नाव घाल बाय, पण मी मुंबईला येणार नाही. माझ्या दोन बोटींवर पेट्या ठेव.’’ मग तेवढंच लिहिलं, आणि एका कागदावर त्यांची सही घेतली. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते, म्हणून चाचणी ‘ऑगस्टपासून’ असं नमूद केलं.

शेवटी भाचीच्या फोटोखाली हे राहिलं: ‘सहा वर्षं मासळी निर्यात कारखान्यात गुणवत्ता विभागात, येणारी प्रत्येक खेप तापमान बघून स्वीकारण्याची किंवा नाकारण्याची जबाबदारी.’ मित्राखाली: ‘वेर्ण्यात ठेकेदारामार्फत चार वर्षं सेन्सर तपासणी; यंत्राचा पहिला नमुना स्वतः बनवला; १ सप्टेंबरपासून पूर्णवेळ.’ चौथ्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून खाली एक ओळ: ‘हॉटेलांना विक्री करणारी व्यक्ती या निधीतून पहिली नेमणूक.’ ती ओळ नको म्हणून दोघंही अडून बसले होते. मी ठेवायला लावली, कारण तो प्रश्न समोरून येणारच होता.

डेक पाठवण्याआधी ज्यांना फोन जाऊ शकतो त्यांना आपण आधी फोन करायचा आणि बायोतली आपली ओळ वाचून दाखवायची. जुन्या साहेबांनी ‘प्रत्येक खेप’ ऐकून दुरुस्ती केली: ‘‘रात्रपाळीच्या नव्हेत, दिवसाच्या.’’ भाचीने ‘दिवसपाळीची प्रत्येक खेप’ असं केलं. काकांच्या नंबरापुढे तिने स्वतःहून लिहिलं: संध्याकाळी पाचनंतर, कोंकणीत बोलतात.